अंडं कोणाच्या ताटात?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

मी बरीच वर्षं तलासरी तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून फिरले. आता निवृत्त झाले, तरी पाड्यावर गेले की बाया अजून विचारतात, पोरीला रक्त वाढायला काय देऊ, म्हातारीच्या अंगात ताकद यायला काय देऊ. दोन्ही प्रश्नांना घरोघरी एकच उत्तर ठरलेलं असतं. अंडं द्या, दूध द्या, चांगलंचुंगलं द्या. मीही पूर्वी हेच सांगायची, आणि ते सांगताना एका घरात माझी चूक झाली. आज त्या घराची गोष्ट सांगते. नावं सांगत नाही, कारण ती माणसं तुमच्या ओळखीची निघतील.

गेल्या वर्षीची गोष्ट. हायवेपासून थोडं आत एक पाडा आहे, तिथलं हे घर. घरात आजी, वय अडुसष्टच्या आसपास. मुलगा आणि सून दोघंही पहाटे टेम्पोत बसून उंबरगावच्या कारखान्यात जातात. नात चौदा वर्षांची, नववीत. जूनच्या शेवटी शाळेत रक्त तपासलं, तेव्हा नातीचं हिमोग्लोबिन ८.८ निघालं. मुलींना ते १२ तरी हवं. शाळेत जाताना चढ लागला की तिला धाप लागायची, आणि आजी सांगत होती की पोरगी तांदूळ निवडताना कच्चे तांदूळ खाते. बायांनो, कच्चे तांदूळ, माती, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणं हीही रक्त कमी असल्याची खूण असू शकते. तिला रागावू नका, तिचं रक्त तपासा.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. मी घरी जाऊन सुनेला सांगितलं, पोरीला रोज एक अंडं द्या. आजीच्या चार कोंबड्या होत्या, रोज साधारण एक अंडं मिळायचं. आजीचे दात गेलेले, म्हणून ते उकडलेलं अंडं तीच खायची. माझं ऐकून आजी लगेच म्हणाली, पोरीलाच दे, माझं काय, मी पिकलं पान. आजीच्या ताटातलं अंडं नातीच्या ताटात गेलं. मला वाटलं, काम झालं.

महिन्याने पुन्हा रक्त तपासलं. ९.० आलं. गोळी नीट पोटात जात असेल तर महिन्याभरात निदान एकाने तरी वाढायला हवं. आणि श्रावणात आजी ओटीच्या उंबऱ्याला अडखळून पडली. हाड मोडलं नाही, पण तीन आठवडे खाटेवर होती. उठली तेव्हा तिला जमिनीवरून स्वतःचं स्वतः उठता येईना.

आधी नातीचं बघू.

वाढत्या मुलीला लोह इतकं का लागतं? एक तर तिचं अंग वाढत असतं, अंग वाढलं की रक्तही वाढायला लागतं, आणि रक्ताचा लाल रंग लोहामुळे असतो. त्यात पाळी सुरू झाली की दर महिन्याला थोडं रक्त बाहेर जातं, त्याबरोबर लोहही जातं. हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे, तिने २०२० साली कोणाला किती लागतं याचे आकडे दिले. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला रोजच्या जेवणातून ३० मिलिग्रॅम लोह हवं. तिच्या बापाला १९ पुरतं. मिलिग्रॅम म्हणजे किती याची काळजी करू नका, फक्त ३० आणि १९ हे दोन आकडे शेजारी ठेवा. आपल्या घरात जास्त वाढून कोणाला देतात, ते मी सांगायला नको.

आता अंड्यात लोह किती? एका अंड्यात पुरतं एकही मिलिग्रॅम नसतं. आणि जे असतं तेही अंगाला फार कमी लागतं. म्हणजे जिला ३० हवेत तिला मी एक देत होते, आणि ते देण्यासाठी म्हातारीचं ताट रिकामं केलं. अंडं वाईट नाही. वाढत्या पोरीलाही ते चांगलंच. पण घरात एकच असेल तर रक्तासाठी म्हणून ते पोरीला देण्यात अर्थ नव्हता.

मग मी तिच्या दिवसभराच्या खाण्याचा हिशेब मांडला. सकाळी कोरा चहा आणि नागलीची एक भाकरी. दुपारी आणि रात्री भात, दोन्ही मिळून कच्चा तांदूळ धरला तर तीनशे ग्रॅम. उडदाची पातळ डाळ. कधी टाकळ्याची किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी. साधा तांदूळ असेल तर तीनशे ग्रॅममधून फक्त दोन मिलिग्रॅम मिळतात. भाकरीतून तीन, डाळीतून दीड, भाजी झाली तर दोन. ओढूनताणून आठ-नऊ. तीसच्या कुठे जवळही नाही. म्हणून सांगते, मुलीच्या बाबतीत नुसतं पोटभर जेवण पुरत नाही. शाळेत आणि अंगणवाडीत मुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी देतात, त्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं. रक्त कमी निघालं तर डॉक्टर रोजच्या गोळ्या लिहून देतात. ती गोळी जास्तीची नाही, ताटात जे कमी पडतं ते ती भरून काढते.

तिच्या घरी तांदूळ निवडताना मला अजून एक गोष्ट दिसली, आणि ती तुमच्यापैकी बऱ्याच घरांत असेल. रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसतात. थोडे पिवळट किंवा पांढुरके, पाण्यात टाकले की काही वर तरंगतात. आजी ते वेचून बाजूला टाकत होती. म्हणाली, प्लास्टिकचे तांदूळ आहेत. बायांनो, ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ हे जीवनसत्त्व मिसळून यंत्राने तांदळासारखा दाणा काढतात, आणि शंभर दाण्यांत असा एक दाणा मिसळतात. ते दाणे राहू दिले तर किलोभर तांदळात २८ ते ४२ मिलिग्रॅम लोह असतं. या पोरीच्या तीनशे ग्रॅम भातात म्हणजे आठ ते बारा. तिच्या सगळ्या दिवसाच्या जेवणात जेवढं लोह होतं तेवढंच आजी रोज निवडून अंगणात कोंबड्यांना टाकत होती. कोंबड्यांचं रक्त चांगलं असणार.

वरचे तरंगणारे दाणेही भातातच शिजवायचे. तांदूळ चार-चार पाण्यांनी चोळून धुवायचा नाही, आणि भाताची पेज काढली तर ती ओतून न देता प्यायची.

आता गोळीकडे येते. पोरगी गोळी घेत होती का? सून म्हणाली, हो, रोज. पोरीला मी बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाली, बाई, मळमळतं, म्हणून एक दिवसाआड घेते. आणि घ्यायची कशी, तर सकाळी उपाशीपोटी, कोऱ्या चहाबरोबर. दोन्ही चुकीचं. उपाशीपोटी घेतली की मळमळतं. आणि चहात जो तुरट रस असतो तो लोहाला पोटातच धरून ठेवतो, रक्तात जाऊ देत नाही. जेवणाबरोबर चहा घेतला तर जेवणातलं निम्म्याहून जास्त लोह वाया जाऊ शकतं. तिची नागलीची भाकरी चहात बुडवूनच खाल्ली जायची, म्हणजे ते तीन मिलिग्रॅमही गेले.

आम्ही वेळ बदलली. गोळी रात्री जेवणानंतर थोड्या वेळाने, अर्ध्या लिंबाच्या पाण्याबरोबर. लिंबू, पेरू, आवळा यांतलं आंबट जीवनसत्त्व लोहाला रक्तात ओढून घेतं. चहा बंद करा असं मी सांगितलं नाही, कारण ते कोणी ऐकत नाही. जेवणाच्या आधी आणि नंतर एक-एक तास सोडून घ्या, एवढंच सांगितलं. शी काळी होईल, घाबरू नका, गोळीमुळे होते, हेही आधी सांगून ठेवलं. हे सांगितलं नाही तर पोरी घाबरून गोळ्या बंद करतात.

सकाळच्या भाकरीऐवजी आजीने नागलीची आंबील सुरू केली. आपल्या जुन्या बायांना हे शहाणपण होतंच. नागलीत लोह असतं, पण त्याला बांधून ठेवणारंही काही असतं. पीठ रात्रभर आंबवलं की ते बांधणारं सैल होतं. वाल, मूग, हरभरे भिजवून मोड आणले तरी तसंच होतं. आणि ताटात मासळीचा तुकडा असेल, अगदी मूठभर जवळा भाजीत टाकला असेल, तर भाकरी-डाळीतलं लोहही जास्त लागतं. भातखाचरातल्या खेकड्यांचा रस्सा झाला की पोरीच्या वाटीत थोडा जास्त घाला.

एक गोष्ट गुळाबद्दल. गुळात लोह असतं हे खरं, पण चहातल्या खड्याने रक्त वाढत नाही. बिटाचं म्हणाल तर त्याचा रंग लाल, एवढंच.

अजून दोन गोष्टी तपासायच्या. पोरगी लावणीला अनवाणी चिखलात उतरते, तिथून हूकवर्म नावाचे जंत पायातून अंगात शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये, शाळेत जंताची गोळी देतात, ती चुकवू द्यायची नाही. दुसरी गोष्ट सिकलसेल. आपल्या आदिवासी घरांमध्ये हा आजार आईबापांकडून मुलांत येतो, त्यातही रक्त कमी होतं, पण ते लोह नसल्यामुळे नाही. गोळी नीट घेऊनही महिन्यात रक्त वाढलं नाही, किंवा सांधे, पोट, हाडं वारंवार दुखतात, डोळे पिवळे होतात, तर सिकलसेलची तपासणी करून घ्या. तो आजार असलेल्या मुलीला लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही. आमच्या या मुलीची तपासणी केली, तिला तो नव्हता.

सुनेबद्दल आज थोडंच बोलते. ती गरोदर नव्हती. असती तर चौथ्या महिन्यापासून रोज लाल गोळी, आणि गरोदरपणात व बाळंतपणानंतर अंगणवाडीत अमृत आहार योजनेचं एक वेळचं पूर्ण जेवण. ते जेवण अंगणवाडीतच बसून खा. घरी नेलं की ते पाच जणांत वाटलं जातं, हे तुम्हालाही माहीत आहे.

आता आजी. म्हातारपणी लोहाची गरज उतरते, पाळी गेलेली असते. पण म्हाताऱ्या बाईचं रक्त कमी निघालं तर ते नुसतं खाण्याचं आहे असं समजू नका, आत कुठे रक्त जातं का ते डॉक्टरांकडून बघून घ्या. आजीचं रक्त ठीक होतं. तिचं गेलं होतं ते पायातलं मांस.

वय वाढलं की अंगातलं मांस हळूहळू झडतं. प्रत्येकाचंच झडतं. पण खाटेवर पडलं की दोन-तीन आठवड्यांत एवढं झडतं की पुन्हा भरून येणं कठीण होतं. मांस भरायला प्रथिनं लागतात, म्हणजे डाळ, मासळी, अंडं, दूध, शेंगदाणे यांत जे असतं ते. आणि म्हाताऱ्या अंगाला तेवढंच मांस बांधायला तरुण अंगापेक्षा जास्त प्रथिनं लागतात. आपण मात्र उलट करतो. म्हातारं माणूस कमी खातं, म्हणून त्याला भात आणि डाळीवरचं पाणी देतो. भूक कमी झालेली असते हे खरं. म्हणून तर तिच्या थोड्या घासांत जास्त प्रथिनं असायला हवीत.

हिशेब सोपा आहे. म्हाताऱ्या माणसाला वजनाच्या दर किलोला रोज एक ग्रॅम तरी प्रथिनं हवीत. आजीचं वजन ४२ किलो, म्हणजे ४२ ग्रॅम. ती खात काय होती? दिवसभरात दीडशे ग्रॅम तांदळाचा भात किंवा पेज, त्यातून बारा. डाळीवरच्या पाण्यातून दोन. चहा आणि दोन टोस्ट, दोन. थोडी आंबील, दोन. सगळे मिळून अठरा. तिचं अंडं होतं तेव्हा निदान चोवीस-पंचवीस तरी व्हायचे. ते मी काढून घेतलं.

अंडं परत आजीच्या ताटात गेलं. साडेसहा ग्रॅम झाले. डाळ वरून न ओतता तळापासून ढवळून घट्ट द्यायची, म्हणजे आणखी साडेचार. शेंगदाण्याचं कूट दोन मोठे चमचे, पेजेत किंवा भाजीत कालवून, चार. राहिले नऊ. ते झाई-बोर्डीच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या सुक्या बोंबलांनी भरले. सुक्या बोंबलात निम्म्याहून जास्त प्रथिनंच असतात. दात नाहीत म्हणून आजीने बोंबील सोडलेच होते. सुनेने ते तव्यावर कडक भाजले, खलबत्त्यात कुटून डबा भरून ठेवला. त्यातलं पंधरा ग्रॅम, म्हणजे साधारण दोन बोंबलांचं कूट, रोज भातावर टाकायचं. झाले ४२. नवीन विकत काही आणावं लागलं नाही, फक्त कोणाच्या वाटीत काय जातं ते बदललं. जिथे मासळी-अंडं चालत नाही तिथे एक पेला दूध आणि डाळीची आणखी एक घट्ट वाटी घ्या. मिठात मुरवलेली मासळी मात्र रक्तदाब असलेल्यांनी टाळा. आणि मूत्रपिंडाचा आजार आहे, डॉक्टरांनी डाळ-मासळी कमी करायला सांगितली आहे, अशा माणसांना हा हिशेब लागू नाही.

हे सगळं एकाच जेवणात घालायचं नाही. दुपारी अंडं आणि डाळ, रात्री बोंबील आणि कूट, असं वाटून द्यायचं. आणि नुसतं खाऊन मांस येत नाही, त्याला काम द्यावं लागतं. आजीला मी खुर्चीवरून हात न टेकता उठायला आणि बसायला लावलं. आधी खांबाला धरून पाच वेळा, मग दहा, दिवसातून दोनदा.

तुमच्या घरातल्या म्हातारीच्या पायातलं मांस कमी झालंय का, हे बघायची एक सोपी रीत जपानमधल्या डॉक्टरांनी काढली आहे. तिला बसवा. तिने स्वतःच्या दोन्ही हातांचे अंगठे आणि अंगठ्याजवळची बोटं जुळवून कडं करायचं आणि ते पोटरीच्या सगळ्यात जाड भागाभोवती लावायचं. बोटं पुरली नाहीत तर चांगलं. कडं सहज बसलं आणि मध्ये फट राहिली, तर मांस कमी झालेलं असण्याची शक्यता आहे. आजीच्या पोटरीभोवती कडं बसून एक बोट आत जात होतं. पाय सुजलेले असतील तर मात्र ही रीत फसवते. मग ती खाली बसून हात न टेकता उठते का, आणि चोळी-पोलकं अचानक सैल झालंय का, ते बघा.

सप्टेंबरच्या शेवटी नातीचं रक्त १०.३ आलं, नोव्हेंबरमध्ये ११.७. बारा झालं नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी गोळ्या पुढे चालू ठेवल्या. कच्चे तांदूळ खाणं मात्र तिने कधी सोडलं ते तिलाही आठवत नाही. आजी दिवाळीच्या सुमारास खांबाला न धरता उठायला लागली. तिच्या पोटरीला अजून कडं बसतं, पण आता बोट आत जात नाही. आणि कोंबड्यांना ती साधी कणी टाकते, ते पिवळट दाणे भातातच राहतात.

पुढच्या वेळी तुमच्या घरातल्या हिशेबाचे प्रश्न घेऊ.